लिस्टिंगची रोजकीर्द: विक्री कशामुळे हलली ते तारखेवरून शोधायचं कसं

दुकानात रोजकीर्द लिहिल्याशिवाय गल्ला बंद करायचा नाही, ही शिस्त आमच्या शहापुरातल्या घरात माझ्या सासऱ्यांपासून चालत आली आहे. पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे त्या वहीत असायचं. पाच वर्षांपूर्वी मी अथणी तालुक्यातल्या कारागिरांच्या कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकायला लागले तेव्हा पैशाची वही पहिल्या दिवसापासून ठेवली. पण लिस्टिंगमध्ये आपण काय बदललं, कधी बदललं आणि आधी तिथे काय होतं, हे मात्र कुठेच लिहीत नव्हते. त्यापायी 2025 चा पावसाळा मला महागात गेला. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव भागात आता बरीच मंडळी चपला, कुंदा, साड्या, गूळ ऑनलाइन विकतात आणि त्यांच्याकडेही ही वही क्वचितच दिसते. म्हणून मी ती कशी लिहिते आणि कशी वाचते, ते सविस्तर सांगते.

आधी चूक काय झाली ते सांगते, म्हणजे वहीतला प्रत्येक रकाना कशासाठी आहे ते कळेल.

जून 2025 मध्ये माझी सगळ्यात चालणारी लिस्टिंग होती पुरुषांची टॅन रंगाची कापशी कोल्हापुरी, 6 ते 10 नंबर. 27 जूनला, शुक्रवारी, मी तिचा पहिला फोटो बदलला. जुन्या फोटोत जोड किंचित तिरका ठेवलेला होता, त्यामुळे तळाचे थर आणि बाजूचा कान दिसायचा. नवा फोटो बरोबर वरून काढला होता. वेणीचं काम त्यात सुरेख दिसत होतं. आधीचा आणि पुढचे आठवडे असे गेले. भेटी म्हणजे लिस्टिंगवर किती जण आले ते:

| आठवडा (सोम ते रवि) | भेटी | विकलेले जोड | शंभर भेटींमागे |
|---|---|---|---|
| 16–22 जून | 410 | 8 | 2.0 |
| 23–29 जून | 640 | 11 | 1.7 |
| 30 जून–6 जुलै | 1150 | 17 | 1.5 |
| 7–13 जुलै | 980 | 14 | 1.4 |
| 14–20 जुलै | 700 | 9 | 1.3 |

त्या वेळी माझं लक्ष फक्त तिसऱ्या रकान्यावर होतं. पावसाळ्यात चामड्याची चपल कोण घेतं? तरी आठाचे सतरा झाले! फोटो लागू पडला असं समजून मी 7 जुलैला आणखी सहा लिस्टिंगचे पहिले फोटो त्याच पद्धतीने वरून काढून टाकले. जुलै संपेपर्यंत कापशीच्या भेटी पुन्हा 400 च्या घरात आल्या आणि जोड आठवड्याला पाचवर आले, म्हणजे पहिल्यापेक्षाही कमी.

खरं काय घडलं होतं? 22 जूनला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या होत्या. त्यावरून इकडे मोठा गदारोळ झाला आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात जो तो 'कोल्हापुरी' शोधायला लागला. ती गर्दी बातमीची होती. फोटोने उलट नुकसान केलं होतं आणि ते चौथ्या रकान्यात उघड दिसत होतं. पण माझ्याकडे ना तो रकाना होता ना तारखांची नोंद. फोटो नेमका कधी बदलला तेही मला फोटोग्राफरच्या व्हॉट्सॲप चॅटमधून शोधून काढावं लागलं.

वहीत काय लिहायचं

साधी गूगल शीट पुरते. तिच्यात तीन पानं करायची: 'बदल', 'बाहेरचं' आणि 'आठवडा'.

'बदल' पानावर एका ओळीत एकच बदल. शीर्षक आणि किंमत एकाच दिवशी बदलली तर दोन ओळी. माझे रकाने असे आहेत: तारीख आणि वेळ, कुठली लिस्टिंग, काय बदललं, आधी काय होतं, आता काय आहे, का बदललं, कोणी बदललं, ग्राहकाला कधीपासून दिसलं, पुन्हा कधी बघायचं.

तारीख 2025-11-10 अशीच लिहायची, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. हा हट्ट मी धरते त्याला कारण आहे. माझ्या लॅपटॉपवरची शीट एका पद्धतीने लावलेली होती आणि भाच्याच्या दुसऱ्या. 5/7 म्हणजे एकीकडे 5 जुलै आणि दुसरीकडे 7 मे. ओळी तारखेप्रमाणे लावल्या की बदल भलत्याच महिन्यात जाऊन बसायचे. वर्षापासून सुरुवात केली की हा घोळ होत नाही. लॅपटॉपवर असाल तर रकान्याला एकदा `yyyy-mm-dd` हे रूप लावून ठेवायचं, मग रकान्यात उभं राहून `Ctrl + ;` दाबलं की आजची तारीख आपोआप पडते.

'आधी काय होतं' हा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा सुटतो आणि सगळ्यात जास्त वेळा नडतो. 'शीर्षक सुधारलं' एवढंच लिहिलं तर महिन्याने जुनं शीर्षक परत आणायचं कुठून? ऑनलाइन बाजारपेठेच्या पॅनेलवर जुना मजकूर हवा तेव्हा सापडेलच असं नाही. म्हणून बदल करायच्या आधी जुना मजकूर अक्षरश: उचलून या रकान्यात चिकटवायचा, आणि मगच संपादनाचं बटण दाबायचं. फोटो असेल तर मूळ फाइल एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि फाइलच्या नावातच तारीख घालायची:

```
2025-06-27_kapashi-tan_photo1_before.jpg
2025-06-27_kapashi-tan_photo1_after.jpg
```

'का बदललं' या रकान्यात काय होईल अशी अपेक्षा आहे ते लिहायचं, आणि शक्य तितकं नेमकं. 'विक्री वाढावी म्हणून' असं लिहिलेल्या ओळीवरून नंतर काहीच तपासता येत नाही. 'मापाच्या तक्ता-फोटोमुळे, लहान पडतात म्हणून परत येणारे जोड कमी व्हावेत' असं लिहिलं, तर नंतर कुठला आकडा बघायचा हे आजच ठरून जातं. नाही तर माणूस शेवटी जो आकडा वाढलेला दिसेल तोच उचलून बदलाच्या नावावर मांडतो. मी जुलैत तेच केलं.

'कधीपासून दिसलं' हा रकाना वेगळा हवा, कारण सेव्ह केलेलं लगेच ग्राहकाला दिसतंच असं नाही. कधी तासाभरात दिसतं, कधी दुसऱ्या दिवशी, आणि शीर्षकातल्या नव्या शब्दांवर शोधात वर यायला आणखी काही दिवस जातात. म्हणून सेव्ह केल्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर, विक्रेत्याच्या खात्यात लॉगिन न करता, लिस्टिंग उघडून बघायची. नवं दिसलं की वेळ लिहायची. ॲपची भाषा मराठी किंवा कन्नड ठेवणारे ग्राहक आपल्या भागात पुष्कळ आहेत, तेव्हा त्या भाषेतही एकदा बघून घ्यावं. इंग्रजीतला एक शब्द बदलला की तिकडचं भाषांतर कधी कधी पार भलतं होतं.

जे आपण बदललं नाही तेही लिहायचं

'बाहेरचं' हे पान अनेकांना जास्तीचं वाटतं. माझ्या मते वहीचा अर्धा जीव तिथे आहे. आपण हात न लावताही विक्री हलवणाऱ्या गोष्टी तिथे जातात: सण, पितृपक्ष, लग्नसराई, बाजारपेठेचा सेल, जाहिरातीचं बजेट संपणं, शेजारच्या विक्रेत्याने दर पाडणं, कराचा बदल. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी 5 टक्के झाला. माझे जोड हजाराच्या वरचे, त्यांच्यावर आधी 18 टक्के होता. तोच घटस्थापनेचा दिवस होता आणि सणाचे सेलही त्याच सुमारास सुरू झाले. त्या आठवड्यात कुणी शीर्षक बदललं असेल तर त्याचा परिणाम वेगळा काढणं कुणालाच जमणार नाही. वही निदान एवढं सांगते की या आठवड्यावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

सीमाभागाच्या काही खास ओळी असतात. बंद असला की पिकअप होत नाही, 1 नोव्हेंबरच्या आसपास हे नेहमीचंच. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आलं आणि कोल्हापूरकडची वाहतूक थांबली. असा दिवस आला की 'पोहोचेल' म्हणून दाखवलेली तारीख पुढे जाते, आणि चार दिवसांनी मिळणाऱ्या चपलेपेक्षा दोन दिवसांनी मिळणारी लोक आधी घेतात. तुमची लिस्टिंग जशीच्या तशी असते, तरीही विक्री पडते.

याच पानावर मी साठाही लिहिते, नंबराप्रमाणे: कुठला नंबर कुठल्या दिवशी संपला आणि कुठल्या दिवशी परत आला. ही ओळ किती कामाची आहे ते पुढे दिसेलच.

आणखी एक गोष्ट. लिस्टिंग आपण एकटेच बदलत नसतो. बाजारपेठ स्वत:हून एखादं क्षेत्र बदलते, कधी वस्तू दुसऱ्याच वर्गात सरकते, कधी त्याच लिस्टिंगवर बसलेल्या दुसऱ्या विक्रेत्याने पाठवलेला मजकूर वर दिसायला लागतो. म्हणून दर सोमवारी सकाळी मुख्य लिस्टिंगचं पान वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट काढून ठेवायचं. मागच्या सोमवारचं शेजारी धरायचं. फरक दिसला आणि 'बदल' पानावर त्याची ओळ नसली, तर ती तिथेच लिहायची, 'कोणी' या रकान्यात 'आपण नाही' असं घालून.

'आठवडा' पान

इथे प्रत्येक लिस्टिंगची सोमवार ते रविवार एक ओळ. भेटी, विकलेले जोड आणि शंभर भेटींमागे जोड. विक्रेत्याच्या अहवालात भेटींना बहुतेक ठिकाणी 'सेशन' म्हणतात. B मध्ये भेटी आणि C मध्ये जोड असतील तर D मध्ये हे सूत्र:

```
=IF(B2=0,"",ROUND(C2/B2*100,1))
```

रोजचे आकडे बघत बसू नका. रविवारची विक्री आणि मंगळवारची विक्री मुळातच वेगळी असते, आणि रोज तीन-चार जोड विकणाऱ्याला एका दिवसावरून काहीच कळत नाही. जोड मोजताना ऑर्डर आली त्या दिवसाने मोजायचे, माल पाठवला त्या दिवसाने मोजायचे नाहीत. नाही तर बंदच्या दिवशी पिकअप झालं नाही म्हणून विक्री पडली असं दिसेल, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट.

भेटी आणि शंभरामागचे जोड वेगवेगळे ठेवायचे कारण ते वेगवेगळ्या जागी बोट दाखवतात. भेटी कमी-जास्त झाल्या की लिस्टिंगच्या बाहेर बघायचं: शोधात आपण कुठे दिसतो, शीर्षक, वर्ग, जाहिरात, हंगाम, बातमी. पहिला फोटो आणि किंमत शोधाच्या यादीतही दिसतात, म्हणून त्यांचा भेटींवरही परिणाम होतो. भेटी तेवढ्याच असून शंभरामागचे जोड घसरले तर माणूस दारापर्यंत येऊन परत जातोय. मग आत बघायचं: किंमत, फोटो, माप, साठा, पोहोचण्याची तारीख, नुकताच आलेला वाईट अभिप्राय.

आकडा खरोखर हलला की नुसता हेलकावा

हे न बघता वही वाचायला घेतली तर दर सोमवारी काही तरी कारण सापडतं, आणि त्यातली बरीच कारणं खोटी असतात.

काहीच बदललं नाही तरी आठवड्याची विक्री वरखाली होते. ती साधारण किती व्हावी याचा एक ढोबळ ठोकताळा आहे. सरासरी जेवढे जोड जातात त्याचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. आठवड्याला 16 जोड जात असतील तर वर्गमूळ 4, दुप्पट 8. म्हणजे 8 पासून 24 पर्यंतचा आकडा नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो. E मध्ये सरासरी असेल तर खालची हद्द अशी निघते:

```
=E2-2*SQRT(E2)
```

16 चे 10 झाले म्हणून रात्री अकराला बसून शीर्षक बदलणारे मी पाहिले आहेत. त्या 10 ला काही अर्थच नव्हता. पण 10-10 असे तीन आठवडे आले तर गोष्ट वेगळी. तीन आठवड्यांची अपेक्षा 48, हद्द साधारण 34, आणि आलेत 30. आता कारण शोधायचं.

छोट्या विक्रेत्याला यातून एक मर्यादा मान्य करावी लागते. आठवड्याला तीन-चारच जोड जात असतील तर लहान बदलाचा परिणाम या वहीतून महिनाभरातही दिसणार नाही. तिथे सारख्या चार-सहा लिस्टिंग एकत्र धरून बेरीज बघावी, किंवा आठवड्याऐवजी महिना धरावा.

एक तपास, पहिल्यापासून शेवटपर्यंत

नोव्हेंबर 2025. त्याच कापशीच्या लिस्टिंगवर तीन ओळी पडल्या होत्या. 10 नोव्हेंबरला शीर्षक बदललं, त्यात लग्नासाठीचे शब्द घातले. 17 नोव्हेंबरला मापाचा तक्ता-फोटो टाकला, त्यात पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये दिली. 'बाहेरचं' पानावर 21 नोव्हेंबरची ओळ होती: 8 नंबर संपला.

| आठवडा | भेटी | जोड | शंभरामागे |
|---|---|---|---|
| 3–9 नोव्हेंबर | 520 | 15 | 2.9 |
| 10–16 नोव्हेंबर | 560 | 16 | 2.9 |
| 17–23 नोव्हेंबर | 590 | 14 | 2.4 |
| 24–30 नोव्हेंबर | 600 | 9 | 1.5 |
| 1–7 डिसेंबर | 585 | 8 | 1.4 |

1 डिसेंबरला सकाळी 9 जोडांचा आकडा बघितला तेव्हा मी हात बांधून ठेवले. 15 ची हद्द साधारण 7 आहे, 9 त्याच्या आत होते. दुसऱ्या आठवड्यात 8 आले. दोन आठवड्यांची अपेक्षा 30, हद्द 19, आलेले 17. आता मात्र आकडा हद्दीबाहेर गेला होता.

माझा संशय शीर्षकावर होता, आणि जुनं शीर्षक तर वहीत तयारच होतं. चिकटवायला अर्धं मिनिट लागलं असतं. भाचा शेजारी बसला होता, तो म्हणाला, "मावशी, शीर्षक बदललं त्या आठवड्यात तर काहीच पडलं नाही की. भेटीपण कमी नाहीत." खरंच होतं ते. शीर्षकामुळे बिघडलं असतं तर आधी भेटी हलल्या असत्या, आणि 10 तारखेनंतर लगेच पुढच्या काही दिवसांत काही तरी दिसलं असतं. भेटी उलट थोड्या वाढल्याच होत्या. पडले होते ते शंभरामागचे जोड, आणि तेही 21 नंतर.

मग नंबराप्रमाणे विक्री काढली. 3 ते 23 नोव्हेंबरच्या तीन आठवड्यांत 45 जोड गेले होते, त्यातले 16 जोड 8 नंबरचे. म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडे जास्तच. 8 नंबर नसेल तर दोन आठवड्यांच्या 30 मधले साधारण 19 उरावेत. आलेले 17. एकोणीस आणि सतरा यांतला फरक हेलकाव्याचा. शीर्षक आणि मापाचा तक्ता दोघेही या आरोपातून सुटले.

संपलेला नंबर असा लपून मारतो. लिस्टिंग शोधात दिसत राहते, माणूस आत येतो, त्याचा 8 नंबर फिकट दिसतो आणि तो निघून जातो. पॅनेलवर लिस्टिंग 'चालू' असते, तांबडी खूण कुठेच नसते.

मदभावीच्या कारागिरांना फोन केला. "ताई, आठाचे तळ कापून ठेवलेत, पण लग्नाची एक ऑर्डर आधी द्यायची आहे. मंगळवारी बसमधून देतो," ते म्हणाले. 9 डिसेंबरला माल आला, त्याच संध्याकाळी साठा चढवला आणि ओळ लिहिली. 8 ते 14 डिसेंबरला 570 भेटींत 15 जोड गेले, त्यापुढच्या आठवड्यात 580 मध्ये 17. पुन्हा 2.9.

शीर्षकाने भेटी वाढवल्या का? सांगता येत नाही. तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली होती, भेटी त्यामुळेही वाढल्या असतील. त्या ओळीपुढे मी 'ठरत नाही' असं लिहिलं. वहीत हे उत्तर पुष्कळदा येतं आणि ते तसंच लिहून ठेवावं.

संशयावरून खात्रीपर्यंत

तारीख जुळली म्हणजे फक्त संशयित सापडला. खात्री करायची तर बदल मागे घ्यायचा, थांबायचं, पुन्हा करायचा आणि बघायचं. जुलैतल्या त्या फोटोंचं मी असंच केलं. सातही लिस्टिंगवर 4 ऑगस्टला जुने तिरके फोटो परत टाकले. 18 ऑगस्टला वरून काढलेले. 1 सप्टेंबरला पुन्हा जुने. दरम्यान किंमत, शीर्षक, जाहिरात, कशालाही हात लावायचा नाही असं घरात सगळ्यांना बजावलं.

सातांची बेरीज अशी आली. जुने फोटो, 4 ते 17 ऑगस्ट: 2900 भेटी, 58 जोड. नवे फोटो, 18 ते 31 ऑगस्ट: 3100 भेटी, 40 जोड. जुने पुन्हा, 1 ते 14 सप्टेंबर: 2950 भेटी, 57 जोड. जुन्या फोटोंच्या हिशेबाने मधल्या पंधरवड्यात साधारण 61 जोड जायला हवे होते, हद्द 45, गेले 40. आणि त्या मधल्या पंधरवड्यातच 27 ऑगस्टची गणेश चतुर्थी होती, तर शेवटच्या पंधरवड्यात पितृपक्ष लागला होता. हंगाम नव्या फोटोंच्या बाजूने असूनही ते हरले. एकदा पडणं आणि परत आणल्यावर उठणं, या दोन्ही गोष्टी दिसल्या म्हणून मी हा निकाल मानते. कारण काय असावं? माझा अंदाज असा, की कोल्हापुरी घेणारा तळाची जाडी बघतो आणि वरून काढलेल्या फोटोत ती दिसत नाही. पण तो अंदाजच आहे. वहीने सिद्ध केलंय ते इतकंच की फोटोमुळे पडलं.

अशी उलटसुलट चाचणी किमतीची करताना जपून. दर खाली-वर केलेला ग्राहक लक्षात ठेवतो, आणि सेलच्या काळात घातलेला दर नंतर वर नेला की काही आठवडे विक्री मंद राहते. शीर्षकाची चाचणी पंधरा दिवसांत उरकू नका, महिना द्या, कारण शोधातली जागा हळूहळू सरकते.

वही कुठे फसते

सगळ्यात जास्त फसते ती आठवणीने लिहिल्यावर. रविवारी बसून आठवडाभराचे बदल लिहू म्हटलं की निम्मे सुटतात, उरलेल्यांच्या तारखा एक-दोन दिवस इकडेतिकडे होतात. आमच्याकडे नियम असा आहे की आधी ओळ लिहायची, मग बदल करायचा. ओळ नसेल तर बदल करायचा नाही, मग तो भाचा असो, जाऊबाई असोत की मी.

बाहेरच्या माणसाला लिस्टिंगचं काम दिलेलं असेल तर हे आणखी कडक हवं. गेल्या वर्षी एकाने माझ्या सहा लिस्टिंगचे वर्णनाचे मुद्दे एका रात्रीत बदलून दिले आणि बिलावर 'ऑप्टिमायझेशन' एवढाच शब्द लिहिला. आधी काय होतं ते त्याच्याकडेही नव्हतं. तेव्हापासून काम देतानाच सांगते: ओळी भरलेली शीट मिळेल तेव्हाच पैसे.

दुसरं म्हणजे सणाच्या आधी सगळंच एकदम बदलायचा मोह. बदलायलाच हवं असेल तर बदला, धंदा चाचणीसाठी थांबत नाही. पण मग त्या गठ्ठ्याला एकच बदल समजा, 'एकत्र' असा शेरा द्या, आणि त्यातल्या कुठल्याही एका गोष्टीला श्रेय देऊ नका.

परत येणाऱ्या मालाचा हिशेब वेगळ्या तारखेने होतो, तेवढं ध्यानात ठेवा. आज परत आलेला जोड दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या लिस्टिंगवरून विकलेला असतो. म्हणून परतीची मोजणी जोड कुठल्या दिवशी परत आला त्यावरून करायची नाही, ऑर्डर कुठल्या दिवशी आली त्यावरून करायची. 17 नोव्हेंबरच्या मापाच्या तक्त्यापुढे 'पुन्हा बघायचं' या रकान्यात मी 2026-01-12 लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी मोजलं. तक्त्याच्या आधीच्या पाच आठवड्यांतल्या 70 जोडांपैकी 15 माप जमलं नाही म्हणून परत आले होते. तक्त्यानंतरच्या पाच आठवड्यांतल्या 63 पैकी 7. ऐकायला अर्ध्यावर आले, पण ठोकताळा लावला तर 63 जोडांत अपेक्षा साडेतेरा आणि हद्द सहाच्या जरा वर. 7 अजून हद्दीच्या आतच आहेत. शिवाय त्यातले अडीच आठवडे 8 नंबर नव्हता. ओळ बंद केली नाही, तारीख पुढे ढकलून 2026-02-16 केली, आणि तोवर तक्त्याला कुणी हात लावायचा नाही असं लिहून ठेवलं.